पोटावरची रेघ आणि कागदावरच्या ओळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के निघाले. आधीच्या फेरीत ते २०.१ टक्के होते. देशाचा आकडा याच काळात १७.२ वरून २१.५ वर गेला. हे प्रमाण योग्य की अयोग्य, यावर बरीच चर्चा झाली आहे आणि ती व्हायलाही हवी. पण या आकड्याचा एक परिणाम चर्चेत फारसा येत नाही. आज बाळंतपणासाठी येणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयावर जुना व्रण असलेल्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे, आणि प्रत्येकीच्या बाबतीत डॉक्टरांना एकच प्रश्न पडतो: आत, गर्भाशयावर, छेद नेमका कुठे घेतला होता?

पोटावरची रेघ पाहून याचे उत्तर मिळत नाही. त्वचेवरचा छेद आडवा आणि अंतर्वस्त्राच्या आत झाकला जाईल असा नीटस असतो, पण आतल्या गर्भाशयावरचा छेद उभा असू शकतो. सोनोग्राफीत व्रणाची जाडी काही अंशी दिसते, मात्र चार वर्षांपूर्वीच्या छेदाचा आकार त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. खात्रीचे उत्तर असते ते एकाच ठिकाणी, शस्त्रक्रियेनंतर लिहिलेल्या टिपणात. इस्पितळात त्याला ‘ओटी नोट्स’ म्हणतात. हे टिपण कसे लिहिले जाते, आणि कशा रीतीने मांडले तर ते चार वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला उपयोगी पडते, हा कारकुनी वाटणारा विषय आहे. त्याचे मोल काय, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण नमुन्याचे आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे.

अठ्ठावीस वर्षांची एक स्त्री. पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाले. सातवा महिना संपून आठवा लागलेला असताना पाणी गेले, कळा सुरू झाल्या, बाळ आडवे होते, म्हणून रात्री तातडीने सिझेरियन केले. आता चार वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. सासर पिंपरी-चिंचवडकडे, नवऱ्याची नोकरी तिथेच, त्यामुळे या वेळी नाव तिथल्या सरकारी रुग्णालयात नोंदवले आहे. चौतिसावा आठवडा चालू आहे. सोबत सासूबाई आहेत आणि हातात घडीवर घडी पडलेले जुने डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर दोन ओळी: ‘इमर्जन्सी एलएससीएस. कारण: ट्रान्सव्हर्स लाय.’

एलएससीएस म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन केलेले सिझेरियन. गर्भारपणाच्या शेवटी गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ होतो. कळांच्या वेळी जोर लावण्याचे काम वरच्या जाड स्नायूंचे, खालचा भाग त्या मानाने निवांत असतो. म्हणून तिथला व्रण पुढच्या वेळी टिकतो. ग्लासगोचे मन्रो केर यांनी १९२०च्या दशकात या छेदाचा हिरिरीने पुरस्कार केला, त्याआधी वरच्या भागावर उभा छेद घेण्याचीच पद्धत होती. खालच्या आडव्या छेदानंतर पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर व्रण फाटण्याचा धोका शंभरात एकीहून कमी असतो. वरच्या उभ्या छेदानंतर तोच धोका शंभरात दोन ते नऊ इतका सांगितला जातो. व्रण फाटला तर पोटात रक्तस्राव होतो, बाळाचा प्राणवायू काही मिनिटांत तुटतो आणि कधी गर्भाशय काढावे लागते. म्हणून उभा छेद झालेल्या स्त्रीला कळा येऊच देत नाहीत. छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या सुमारास ठरवून सिझेरियन करतात.

डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी वाचून कुणीही डॉक्टर एका दिशेने विचार करेल. छेद खालचा आडवा आहे. मागच्या वेळी बाळ आडवे होते, या वेळी डोके खाली आहे, म्हणजे मागचे कारण या वेळी नाही. मध्ये चार वर्षांचे अंतर आहे. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायला ही बाई अगदी योग्य. तिचीही तीच इच्छा आहे.

इथे बाह्यरुग्ण विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरांना दोन गोष्टी खटकतात. दिवस कमी होते आणि बाळ आडवे होते. तेहतिसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग बहुतेकदा नीट तयार झालेला नसतो. त्यात आडव्या बाळाची पाठ खालच्या बाजूला असेल, तर आडव्या छेदातून बाळाचा हात-पाय हाताशी लागत नाही आणि छेद वर वाढवावा लागतो. “ताई, ऑपरेशनचा आतला कागद मिळेल का? कार्ड नको, केसपेपरमधला.” सासूबाई म्हणतात, “अहो डॉक्टरसाहेब, चार वर्षं झाली त्याला. कुठं सापडायचा?” पण तिचा भाऊ त्याच गावी असतो. तो दोन दिवस इस्पितळात खेटे घालतो आणि टिपणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पहाटे कधी तरी, एका दमात लिहिलेला इंग्रजी परिच्छेद. मराठीत आणला तर असा:

‘एलएससीएस. स्पायनल भूल. त्वचेवर आडवा छेद. पोट थराथराने उघडले. खालचा भाग नीट तयार नाही. मूत्राशय खाली सरकवले. गर्भाशयावर आडवा छेद घेतला. बाळ आडवे, पाठ खाली. पाय हाती येईना म्हणून छेद मधोमध वर वाढवला. पायाकडून बाळ काढले, मुलगा, १.९ किलो, उशिरा रडला, नवजात विभागात दिला. वार पूर्ण काढली. डाव्या कोपऱ्यातून रक्तस्राव, जास्तीचे टाके घेतले. गर्भाशय दोन थरांत शिवले. रक्ताची एक पिशवी दिली. मॉप मोजले. पोट थराथराने बंद. पेशंट स्थिर. पुढचे नेहमीप्रमाणे.’

मधल्या एका वाक्यात सगळे आहे: ‘छेद मधोमध वर वाढवला’. आडव्या छेदाच्या मध्यातून वर उभा छेद, म्हणजे उलट्या इंग्रजी ‘टी’चा आकार. हा व्रण कळांच्या भरवशावर सोडण्याजोगा नाही. पण कार्डावर ते आलेच नाही, आणि का आले नाही हे टिपणाचा पहिला शब्द पाहिला की कळते. ‘एलएससीएस’ हे शस्त्रक्रियेचे ठरलेले नाव आहे. छेद घेण्याआधीच ते ओटीच्या यादीवर, संमतिपत्रावर आणि भूल देणाऱ्यांच्या कागदावर चढलेले असते. शस्त्रक्रिया चालू असताना तिचे स्वरूप बदलले, पण नाव कुणी बदलले नाही. तीन-चार दिवसांनी डिस्चार्ज कार्ड भरणाऱ्या निवासी डॉक्टरने परिच्छेदाचा पहिला शब्द उतरवून घेतला. त्याला त्या दिवशी अशी वीस कार्डे भरायची असतील. सतरा-अठरा तुटक वाक्यांच्या मधोमध दडलेले एक वाक्य त्याच्या नजरेतून सुटले, यात नवल नाही.

हाच परिच्छेद ठरावीक विभागांत मांडला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. जगभर रूढ असलेले विभाग साधारण पाच: शस्त्रक्रियेचे कारण, आत काय आढळले, काय केले, कसे बंद केले आणि नंतरच्या सूचना. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने शल्यचिकित्सकांसाठी घालून दिलेल्या आचारनियमांत टिपणात काय काय असावे याची यादी आहे. तीत तारीख-वेळ, चमूतील नावे, छेद, आढळलेल्या गोष्टी, अडचणी, काढलेले किंवा बसवलेले काही, बंद करण्याची पद्धत, रक्तस्रावाचा अंदाज आणि नंतरच्या काळजीच्या सूचना येतात. त्यातली एक बाब मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे: ठरल्यापेक्षा जास्त काही केले असेल, तर ते आणि ते का केले हे दोन्ही लिहायचे. आपल्या उदाहरणातली चूक नेमकी याच जागेवर पकडली गेली असती.

आता परिच्छेदातले एकेक वाक्य उचलून त्याच्या घरात ठेवू.

पहिले घर कारणाचे. इथे सुरुवातीलाच अडखळायला होते, कारण परिच्छेदात कारण दिलेलेच नाही. ते केसपेपरच्या पहिल्या पानावर आहे: तेहतीस आठवडे, पाणी गेलेले, कळा सुरू, बाळ आडवे. ते इथे घ्यायला हरकत नाही, पण ‘दाखल करतानाच्या नोंदीवरून’ असे लिहून घ्यायचे. नुसते ‘ट्रान्सव्हर्स लाय’ आणि ‘तेहतीस आठवडे, ट्रान्सव्हर्स लाय’ यांत मोठा फरक आहे. आठवड्यांचा आकडा आला की खालच्या भागाविषयीची शंका वाचणाऱ्याला आपोआप येते. कारणाच्या घराचे दुसरे काम पुढच्या बाळंतपणासाठीचे असते. मागचे कारण पुन्हा उद्भवणारे आहे का? कटिभाग अरुंद असेल तर ते पुढच्या वेळीही तसेच राहणार. बाळाचे ठोके मंदावले होते म्हणून सिझेरियन झाले असेल, तर ते त्या वेळेपुरते होते.

दुसरे घर आढळलेल्या गोष्टींचे. ‘खालचा भाग नीट तयार नाही’ आणि ‘बाळ आडवे, पाठ खाली’ ही दोन वाक्ये इथे येतात. परिच्छेदात ती एकमेकांपासून लांब, मूत्राशय आणि छेद यांच्या अलीकडे-पलीकडे पडली होती. शेजारी आली की अडचण आधीच दिसू लागते. बाकीच्या जागा मात्र रिकाम्या राहतात. पाण्याचा रंग, वार कुठे होती, आतडे किंवा मूत्राशय चिकटलेले होते का, बीजवाहिन्या आणि अंडाशय कसे होते, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. गर्भाशयाचा आकार दुभंगलेला होता का, हेही नाही. आडव्या बाळामागे कधी कधी तसे कारण असते आणि ते पुढच्या खेपेलाही राहते.

या रिकाम्या जागांचे काय करायचे, हा मांडणीच्या कामातला सर्वांत नाजूक भाग. तिथे लिहायचे ‘नोंद नाही’. मोह होतो ‘नाही’ किंवा ‘सामान्य’ लिहिण्याचा. ‘अंडाशय: सामान्य’ म्हणजे कुणीतरी पाहिले आणि ठीक दिसले. ‘अंडाशय: नोंद नाही’ म्हणजे पाहिले की नाही तेच माहीत नाही. परिच्छेदात हा फरक पुसट होता. मांडणी करणाऱ्याने एका शब्दाने तो कायमचा मिटवला, तर आधीच्यापेक्षा वाईट कागद तयार होतो, कारण आता तो नीटनेटका आणि विश्वासार्ह दिसतो.

तिसरे घर पायऱ्यांचे. यात क्रम मोडायचा नाही. भूल, त्वचेचा छेद, मूत्राशय सरकवणे, गर्भाशयावर आडवा छेद, तो मधोमध वर वाढवणे, पायाकडून बाळ काढणे, वार काढणे, डाव्या कोपऱ्यातला रक्तस्राव, जास्तीचे टाके. ‘पाय हाती येईना म्हणून’ हे शब्द छेद वाढवण्यापासून तोडायचे नाहीत. विभागणीत नेमका हाच धोका असतो. कारण आढळलेल्या गोष्टींच्या घरात जाते, कृती पायऱ्यांच्या घरात, आणि दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ वाटेत गळतो. तो गळला की शल्यचिकित्सकाने उगाच मोठा छेद घेतला असे वाचले जाऊ शकते. प्रत्यक्षात अडकलेले बाळ सोडवण्यासाठी तेच करणे बरोबर होते. या घरात गेल्यावर एक उणीवही ठळक होते: वर वाढवलेला छेद किती लांब होता? दोन सेंटिमीटर की सहा? तो जाड स्नायूंच्या भागात शिरला का? नोंद नाही.

चौथे घर बंद करण्याचे. ‘गर्भाशय दोन थरांत शिवले’, ‘पोट थराथराने बंद’, ‘मॉप मोजले’. आडवी बाजू दोन थरांत शिवली की उभीसुद्धा? कोणता धागा वापरला? आणि मॉप मोजले, पण जुळले का? मोजणे ही कृती, जुळणे हा निकाल. पोटात राहिलेल्या कापडाचे प्रकरण न्यायालयात जाते तेव्हा वाद या एका क्रियापदावर येऊन ठेपू शकतो. स्क्रब सिस्टरच्या वेगळ्या मोजणी-तक्त्यावर आकडे असतात. ते पाहून ‘मोजणी-तक्त्यानुसार जुळले’ असे लिहिता येते. तक्ता हाती नसेल, तर ‘मोजले’ एवढेच राहू द्यायचे.

पाचवे घर नंतरच्या सूचनांचे. इथे परिच्छेदात एकच शब्द आहे, ‘नेहमीप्रमाणे’. त्या इस्पितळात त्या वर्षी नेहमीचे काय होते हे तिथल्या सिस्टरला ठाऊक असेल, बाकी कुणाला नाही. प्रतिजैविक किती डोस, लघवीची नळी कधी काढायची, रक्तस्राव जास्त झाला होता तर हिमोग्लोबिन पुन्हा केव्हा तपासायचे, हे या घरात हवे. रक्तस्राव किती झाला याचा आकडाही कुठे नाही, फक्त एक पिशवी दिल्याची नोंद आहे. आणि या बाईच्या बाबतीत सर्वांत मोलाची सूचना उद्याची नव्हे, पुढच्या गर्भारपणाची होती: छेद उलट्या टी आकाराचा आहे, कळा येऊ देऊ नयेत, मुदतीआधी ठरवून सिझेरियन करावे, रुग्णाला व नातेवाइकांना समजावून सांगितले आहे. ती सूचना नाही. मांडणी करणाऱ्याने ती स्वतःहून घालायचीही नाही. चार वर्षांपूर्वी न दिलेली सूचना दिल्यासारखी दाखवणे म्हणजे नोंद खोटी करणे. आजचा सल्ला आजच्या तारखेने, आजच्या डॉक्टरच्या सहीने, वेगळा लिहायचा.

या पाच घरांच्या वर आणखी दोन ओळी हव्यात, आणि त्या सगळ्यांत स्वस्त आहेत. एक, ठरलेली शस्त्रक्रिया. दोन, प्रत्यक्ष झालेली शस्त्रक्रिया. पहिलीत ‘एलएससीएस’. दुसरीत ‘आडवा छेद वर वाढवून, उलट्या टी छेदातून सिझेरियन’. डिस्चार्ज कार्ड भरणाऱ्याने दुसरी ओळ उतरवायची. चार वर्षांपूर्वी एवढे असते, तर भावाचे खेटे वाचले असते.

पिंपरीतल्या डॉक्टरांनी काय ठरवले? छेद किती वर गेला हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी तो जास्तीत जास्त वर गेला असे धरले आणि सदतिसाव्या आठवड्याच्या सुरुवातीची तारीख दिली. मागच्या टिपणात ‘वर दोन सेंटिमीटर, खालच्या भागातच’ असे लिहिलेले असते, तर कदाचित आणखी एखादा आठवडा थांबता आले असते, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी त्या वयात एक आठवडाही थोडा नसतो. एका न लिहिलेल्या आकड्याची किंमत ती. तारखेआधी कळा आल्या किंवा पोटात सतत दुखू लागले, तर वाट न बघता थेट रुग्णालयात यायचे, हे सासूबाईंना दोनदा सांगून त्यांच्याकडून वदवून घेतले.

विषय आज ऐरणीवर येण्याचे कारण वेगळे आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झाले. ‘आभा’ क्रमांकाला रुग्णाचे कागद जोडले जावेत आणि त्याच्या संमतीने कुठल्याही इस्पितळात ते उघडता यावेत, ही त्यामागची कल्पना. माहेरी पहिले आणि सासरी दुसरे बाळंतपण होणाऱ्या बायकांसाठी याहून सोयीची गोष्ट नाही. पण मिशन कागद वाहून नेते, तो सुधारत नाही. वरचा परिच्छेद जसाच्या तसा स्कॅन करून चढवला तर तो चित्र म्हणून राहील. यंत्राला त्यातले काही कळणार नाही आणि घाईतल्या डॉक्टरलाही ते वाक्य सापडायचे नाही. त्यातून डिस्चार्ज सारांश हाच सर्वांत आधी उघडला जाणारा कागद आहे. त्यात ‘एलएससीएस’ आले, तर चूक आता घडी पडलेल्या कार्डाऐवजी झटकन आणि सगळीकडे पोचेल.

दुसरा धक्का विम्याचा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना असो, महात्मा जोतीराव फुले योजना असो की खासगी विमा, शस्त्रक्रियेच्या दाव्यासोबत टिपण जोडावे लागते. त्यामुळे टिपणे पूर्वीपेक्षा नियमित लिहिली जाऊ लागली, हे खरे. पण दावा तपासणारा पाहतो ते मुख्यतः कारण आणि शस्त्रक्रियेचे नाव, पूर्वपरवानगीशी जुळते की नाही. साहजिकच ती दोन घरे काळजीने भरली जातात आणि आढळलेल्या गोष्टींचे घर छापील मजकुराने. काही ठिकाणी संगणकावर आधीच भरलेला नमुना असतो: ‘गर्भाशय, नलिका, अंडाशय सामान्य. मॉप व सुया जुळल्या. रक्तस्राव ५०० मिली.’ फक्त नाव आणि तारीख बदलायची. असे टिपण ओळखणे अवघड नाही. एकाच आठवड्यातली दहा टिपणे शेजारी ठेवा. दहाही बायकांचा रक्तस्राव अगदी ५०० मिलीच असेल, तर कुणीच मोजलेला नाही. टिपणाची वेळ शस्त्रक्रिया संपण्याच्या आधीची असेल, तर ते कसे लिहिले गेले हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच ठरावीक विभागांच्या बाजूने बोलताना एक मर्यादा मान्य करावी लागते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी संगणकावर ठरावीक प्रश्नांची उत्तरे देऊन टिपण करायची पद्धत आणली गेली. अशा टिपणांत राहून जाणाऱ्या गोष्टी कमी होतात. पण पर्यायांवर खुणा करून तयार झालेल्या टिपणात त्या दिवशी जे वेगळे घडले ते बसतेच असे नाही. ‘पाय हाती येईना’ यासाठी कोणत्याच तयार यादीत पर्याय नसतो. विभाग ठरावीक असावेत, त्यांच्या आत मोकळी वाक्ये लिहायला जागा असावी आणि आधीच भरलेले उत्तर एकही नसावे, हा मार्ग सर्वांत कमी धोक्याचा दिसतो. ज्या रात्री पाच सिझेरियन झाली त्या रात्रीच्या निवासी डॉक्टरला कोरा कागद देण्यापेक्षा पाच रिकामी घरे देणे दयाळूपणाचेही आहे. थकलेल्या माणसाला काय विसरले ते रिकामे घर दाखवून देते.

कागद टिकण्याचा प्रश्न उरतोच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. बाळंतपणाच्या दृष्टीने हा तीन वर्षांचा आकडा विचित्र आहे. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा असे आरोग्य खातेच सांगत आले आहे. म्हणजे ज्या जोडप्याने तो सल्ला पाळला, त्याला पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद हवा असतो नेमका तेव्हा तो नष्ट करायची मुभा इस्पितळाला मिळालेली असते. अनेक सरकारी इस्पितळे नोंदी त्याहून जास्त वर्षे ठेवतात, आपल्या उदाहरणातल्या इस्पितळानेही ठेवल्या होत्या. पण गठ्ठे ओल्या खोलीत असतात, आणि नियमाने चौथ्या वर्षी कुणी विचारू शकत नाही.

यावर उपाय रुग्णाच्या हातात आहे आणि तो फार खर्चिक नाही. सिझेरियननंतर घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागावी. कार्डावर गर्भाशयावरील छेदाचा प्रकार आणि पुढच्या बाळंतपणाविषयी एक ओळ आहे का ते पाहावे, नसेल तर लिहून घ्यावी. त्या दिवसांत घरच्यांचे लक्ष बाळाकडे आणि पेढ्यांकडे असते, म्हणून हे काम सोबत असलेल्या एकाने आपल्याकडे घेतलेले बरे. कागदाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवावा, माहेरी आणि सासरी.

सदतिसाव्या आठवड्यात त्या बाईचे दुसरे सिझेरियन ठरल्या दिवशी झाले. जुना व्रण वरच्या बाजूला पातळ होता, फाटलेला नव्हता. मुलगी झाली, २.७ किलो. नव्या टिपणात आढळलेल्या गोष्टींच्या घरात लिहिले होते: ‘उभ्या व्रणाची लांबी चार सेंटिमीटर, वरचे टोक स्नायूंच्या भागात.’ मागच्या खेपेला राहून गेलेला आकडा तो.